मिराशी सरांनी सोडलेली जागा

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार मिराशी सरांचे. त्यांची ओळख करून द्यायची तर एवढंच सांगतो: त्यांनी काढलेला आमचा एकही वर्गफोटो भरलेला नाही. दात पडल्यासारखी कुठेतरी फट असतेच.

फोटोच्या दिवशी कुणी गैरहजर असलं, की सर त्याच्या अंगाएवढी जागा सोडायला लावायचे. आम्ही सरकलो की कॅमेऱ्यामागून आवाज यायचा, "सरकू नको रे. तो यायचा हाय." कॅमेरा त्यांचा स्वतःचा, त्यामुळे कुठल्याच फोटोत सर नाहीत.

यंदा जुन्या विद्यार्थ्यांचा मेळावा ठरला. पडद्यावर जुने फोटो आणि सोबत माझं भाषण, कारण वर्गात पदवीधर मी एकटाच. फोटो मागायला सरांच्या गावी, गुंदला, त्यांच्याकडे गेलो. त्यांच्या पत्नी वारल्यापासून ते एकटेच असतात. अंगणात दोन खुर्च्या होत्या. एकीवर सर, दुसरीवर सुपारी वाळत घातलेली. मी उभाच राहिलो.

"मेळाव्याला येणार न्हवं, सर?"

"मी येऊन काय करू? पडद्यावर मी न्हाईच," म्हणाले, आणि फोटोंचा बिस्किटाचा डबा माझ्या हातात दिला.

लॅपटॉप आमच्या वर्गातल्या शांताकडे. तिने मला नियमच घालून दिले. एका फोटोला दोन वाक्यं. जे दिसतंय ते सांगायचं नाही. हशा थांबल्याशिवाय पुढचा फोटो नाही. जो वारला, त्याचं नुसतं नाव घ्यायचं. "आणि फोटोची पाठ आधी वाच," ती म्हणाली. "नावं चुकलास तर लोक तुलाच हसतील, पदवीधर."

सातवीच्या फोटोतल्या फटीवर माझा विनोद तयार होता: "हा वर्गातला सर्वांत शिस्तीचा मुलगा. फोटो काढताना अजिबात हलला नाही." मग पाठ बघितली. नावांच्या ओळीत, त्या फटीच्या जागी, सरांचं अक्षर: "यल्लाप्पा. मळणीला गेलाय. येईल."

यल्लाप्पा म्हणजे मी. त्या वर्षी बाबांनी मला शाळेतून काढलं होतं. सर दोनदा जंगलातून चालत घरी आले होते. बाबांना म्हणाले होते, "त्याची जागा ठेवलीया." मला वाटलं होतं, बाकावरची.

मेळाव्यात तो विनोद मी केलाच. लोक हसले. हशा थांबल्यावर पाठीवरची ओळ वाचली. शांताने बराच वेळ पुढचा फोटो लावला नाही. पहिल्या रांगेतली सरांची खुर्ची रिकामीच होती.

दुसऱ्या दिवशी त्यांना पत्र टाकलं:

"सर, सा. न.

सोबत मेळाव्याचा फोटो. मधल्या रांगेत फट दिसेल. फोटोवाला सारखा म्हणत होता, जवळ या. आम्ही सरकलो नाही. तुमची उंची अंदाजाने धरली, कारण तुम्ही आमच्या शेजारी कधी उभेच राहिला नाहीत. पाठीवर तुमचं नाव लिहिलंय. त्यापुढे काय लिहायचं, ते तुमच्याकडूनच शिकलो.

रविवारी येतो. एका खुर्चीवरची सुपारी तेवढी काढून ठेवा.

तुमचा,
यल्लाप्पा"