तुंगा मिसचा सा

परीक्षकांनी मान हलवून सुरू करायला सांगितलं, सिंचनानं गज तारेवर ठेवून ओढला, आणि व्हायोलिनमधून सूर निघालाच नाही. नुसता सुळ्‌ळ असा आवाज आला, ओल्या फरशीवरून चप्पल घसरावी तसा.

बैठकीत काही चूक नव्हती. मांडी, उजवा पाय जरा पुढे, व्हायोलिनचं डोकं त्या पायाच्या घोट्यावर, दुसरं टोक खांद्याशी. शेषगिरी मास्तरांनी चार वर्षं हेच घोटून घेतलं होतं. तिनं गज जोरात दाबला, तेव्हा कुठे एक किरकिर उमटली. मग तिनं राळेची वडी काढून गजाच्या केसांवर घासली. केस तारेला धरतात ते या राळेमुळेच. पण आज राळ केसांवर बसायलाच तयार नव्हती, तिचे चिकट गोळे होऊन मांडीवर पडत होते. परीक्षकांनी अलंकार तिन्ही लयींत मागितला. पहिल्या लयीत एका गजात एक स्वर, दुसरीत दोन, तिसरीत चार. सिंचनाच्या तिन्ही लयींत मिळून ऐकू आले ते शेजारच्या खोलीतल्या मुलाचे स्वर. मोहन रागातलं वर्ण ही मोठी रचना वाजवायची वेळच आली नाही.

"घाबरलीस का बाळ?" परीक्षकबाईंनी विचारलं.

सिंचना घाबरलेली नव्हती, पण हो म्हणाली.

घरी आल्यावर तिनं व्हायोलिनची पेटी कपाटावर ठेवली आणि जाहीर केलं, की आपल्या हातात कला नाही, यापुढे बॅडमिंटन. अम्मानं समजावलं, अप्पांनी तिच्या आवडीचा केसरीभात, म्हणजे रव्याचा केशरी शिरा, आणला. मास्तर त्या दिवशी शिमोग्याला एका लग्नात वाजवायला गेले होते. परत आल्यावर त्यांनीही परीक्षेच्या भीतीवर बरंच ऐकवलं. सिंचनानं सगळं ऐकून घेतलं, केसरीभात खाल्ला आणि पेटी खाली काढली नाही.

त्यांच्या वरच्या मजल्यावर तुंगा मिस राहायच्या. शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या, आणि शांततेचा मनापासून तिटकारा असलेल्या. चार वर्षं रोज संध्याकाळी खालून व्हायोलिन ऐकत त्या कॉफी घ्यायच्या. ते बंद पडल्यावर त्यांना कॉफी कडू लागायला लागली. त्यांनी खाली येऊन कारण विचारलं, सगळी हकिकत ऐकली, आणि उपदेश न करता म्हणाल्या की व्हायोलिन पडूनच राहणार असेल तर मला द्या. या वयात काहीतरी शिकावं म्हणते.

अम्मा संकोचली. सिंचनानं मात्र स्वतः पेटी वर नेऊन दिली, आणि एखादं खोडरबर द्यावं तसं, "राहू दे तुम्हालाच," असंही म्हणाली.

दोन दिवसांनी मिसनी तिला हाक मारली. सिंचना दारातच उभी राहिली.

"अगं, याचं बटण कुठे असतं? मी कधीची ओढतेय, चालूच होत नाहीये."

"बटण नसतं, मिस. राळ लावा."

"लावली. निम्मी वडी संपली. ये, बघ जरा."

"मी हात लावणार नाही. मी सोडलंय."

"बरं, हात नको लावूस. नाक लाव."

मिसनी गज तिच्या नाकासमोर धरला. सिंचनानं हुंगलं. अम्मा दर शनिवारी तिचं डोकं चोळून देई, अगदी तोच वास.

"खोबरेल," सिंचना म्हणाली.

तेलाचा एक थेंब तर ती स्वतःच वापरायची, पण डाव्या हाताच्या बोटांना. तारेवरून बोट घसरत न्यायचं तर ते लागतंच. गजाच्या केसांना मात्र बोटसुद्धा लावायचं नाही, असा मास्तरांचा दंडक होता आणि तिनं तो कधी मोडला नव्हता. मिसना व्हायोलिनमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण राळ तेलात विरघळते आणि तेल असेपर्यंत घासण्याला अर्थ नाही, एवढं त्या झोपेतही सांगू शकल्या असत्या. त्यांनी स्पिरिट काढलं. स्पिरिटनं काठीची चकाकी जाईल म्हणून सिंचना ओरडली, तेव्हा काठी कापडात गुंडाळली. केस सैल करून फडक्यानं पुसले, काळं-पिवळं काय काय निघालं, पुन्हा पुसले. वाळल्यावर सिंचनानं स्क्रू पिळून केस ताणून दिले. सोडलंय, हे तिच्या लक्षात राहिलं नाही.

नवी राळ लावून मिसनी गज ओढला. या वेळी सूर निघाला. तो असा निघाला की समोरच्या झाडावरचे कावळे उठले.

"मिस, तार उतरलीये. आणि गज तिरका जातोय."

"मला तर छान वाटतंय." मिसनी आणखी एकदा ओढला.

सिंचनानं दोन वेळा सहन केलं. तिसऱ्यांदा तिनं व्हायोलिन त्यांच्या हातातून काढून घेतलं, खुंट्या पिळून सा-प, सा-प जुळवले, तिथेच फरशीवर बसली आणि मोहनातलं वर्ण सुरू केलं. गज तारेला नीट धरत होता. वर्ण संपलं तेव्हा तिचे डोळे भरून आले होते आणि मिसची कॉफी निवून गेली होती.

तेल आलं कुठून, ते रात्री जेवताना समजलं. सिंचनानं विचारल्यावर अप्पा सांबारात चमचा फिरवू लागले.

"परीक्षेच्या दिवशी सकाळी मी व्हायोलिन पुसून चकचकीत केलं होतं," ते म्हणाले. "मग गजाचे ते केस फार रुक्ष दिसले."

"म्हणून तेल लावलंत?" अम्मानं विचारलं.

"केसच होते ना ते! केसांना दुसरं काय लावतात?"

अम्मा हसून हसून पानावरून उठली. सिंचना अप्पांशी दोन दिवस बोलली नाही, तिसऱ्या दिवशी मास्तरांकडे गेली.

मिसनीही शिकणं सोडलं नाही. सिंचना त्याच व्हायोलिनवर त्यांना शिकवू लागली आणि पुढच्या खेपेला दोघींनी परीक्षा दिली, मिसनी अर्थातच पहिल्या पायरीची. सिंचना चांगल्या गुणांनी पास झाली. मिसचा पाय मात्र तिसऱ्या अलंकारापाशी बधिर झाला, घोट्यावरचं व्हायोलिन थरथरू लागलं, आणि परीक्षक जांभई देतायत असं दिसल्यावर मिसनी वाजवणं थांबवून त्यांना सरळ बसायला सांगितलं. मिस नापास झाल्या.

चाळीस वर्षं इतरांना नापास करणाऱ्या बाईंना हे नवीन होतं. त्यांनी व्हायोलिन खाली पाठवून दिलं, आपल्या हातात कला नसल्याचं कळवलं आणि दार लावून घेतलं. सिंचनानं बेल वाजवली, चकल्या नेल्या, गोड बोलून पाहिलं. दार उघडलं नाही.

मग ती विज्ञानाचं पुस्तक घेऊन त्यांच्या दाराबाहेर पायरीवर बसली आणि मोठ्यानं पाठ करू लागली.

"पाण्यात हायड्रोजनचा एक अणू आणि ऑक्सिजनचे दोन."

आत खुर्ची करकरली.

"आम्लात निळा लिटमस घातला की हिरवा होतो."

आत भांडं आपटलं.

"लोखंड गंजतं, कारण ते जुनं होतं."

दार उघडलं. तुंगा मिस हातात खडू असल्यासारखं बोट रोखून उभ्या होत्या.

"हे कोणी शिकवलं तुला?"

"कोणीच नाही. तुम्ही शिकवा ना," सिंचना म्हणाली, आणि पाठीमागे ठेवलेलं व्हायोलिन पुढे केलं. "पण आधी सा लावा, मिस. गज सरळ."