बेंबीचं गोंदण

माणूस भेटला की किसननाना त्याचं तोंड बघत नाहीत, आधी त्याला बाही वर सारायला लावतात. मी बदली होऊन हट्ट्याला आलो त्या दिवशी शेजारधर्म म्हणून ते चहा घेऊन आले आणि नावगाव विचारायच्या आधी म्हणाले, "मास्तर, अंगावर काय लिवलंय?" काहीच नाही म्हटल्यावर त्यांना माझी मनापासून कीव आली. "म्हंजी उघडेच हाव की तुमी." मी तिथं पूर्ण बाह्यांचा शर्ट, पँट आणि वर स्वेटर घालून उभा होतो.

नाना एकेकाळी मालवाहू जहाजावर भंडारी, म्हणजे स्वयंपाकी होते. एकदा जहाज बिघडलं आणि दुरुस्तीसाठी बरेच दिवस सामोआच्या बंदरात पडून राहिलं. सामोआ म्हणजे पॅसिफिक महासागरातली बेटं. तिथं नानांनी एका गोंदणाऱ्या घराण्याला मसाल्याचा रस्सा खाऊ घातला आणि त्या घरानं नानांना लेक मानलं. नाना परत आले ते कमरेपासून गुडघ्यापर्यंत काळीभोर नक्षी घेऊनच. शेतात अर्ध्या चड्डीवर ते पाणी द्यायला उभे राहिले की रस्त्यावरची ट्रॅक्टरं आपोआप हळू होतात.

तेव्हापासून नानांच्या डोक्यात दुसरा विषय नाही. जवळा बाजारच्या आठवडी बाजारात गोंदलेली म्हातारी दिसली की ते तिच्या पाटीपुढं उकिडवे बसतात. "आजी, हे कोणी गोंदलं? किती वर्साची व्हतीस? तवा तुला धरून कोण बसलं व्हतं?" बहुतेक आज्या खुशीत येऊन सगळं सांगतात. एकीनं वांगं फेकून मारलं होतं, ते नानांनी घरी आणून भाजी करून खाल्लं.

गोंदण्याचं प्रात्यक्षिक त्यांनी माझ्या पाठीवर इतक्या वेळा केलंय की आता मीच ते शिकवू शकेन. मला चटईवर पालथं घालायचं. डाव्या हातात फणी, उजव्या हातात लाटणं. "रानडुकराच्या सुळ्याचे दात, मास्तर, बारीक बारीक, फणीवानी. ते कासवाच्या कवचाच्या तुकड्याला बांधायचे आन् तो तुकडा दांडीला. तेल्या बियांची काजळी करायची, तिच्यात दात बुडवायचे, आन् वरून लाकडानं ठोकायचं. टक टक, टक टक." मग माझ्या दोन्ही पोरांना कामाला लावायचं, कारण कातडी ताणून धरायला आणि रक्त पुसायला दोघं लागतात. बायको दारात उभी राहून म्हणते, "लाटणं धुऊन द्या म्हंजी झालं."

त्यांचा उत्साह असा की ऐकणाऱ्याचं अंग दुखायला लागतं. गोंदण पाठीवर सुरू होतं, तिथं आधी होडी काढतात. मग कंबर, मग मांड्या, गुडघ्यापर्यंत. दिवसामागून दिवस. घरचे सगळे भोवती बसतात, गाणी म्हणतात, वारा घालतात, डोकं मांडीवर घेतात. एकट्याला कधी गोंदत नाहीत, जोडीदार लागतोच. ही विद्या दोघी बहिणींनी समुद्र पोहून आणली म्हणे. निघताना त्या 'बायांना गोंदा, पुरुषांना नको' असं घोकत होत्या, पण वाटेत शिंपला काढायला बुडी मारली आणि वर येईपर्यंत उलटं झालं. "त्या एका बुडीपायी मी इतका मार खाल्ला," असं नाना सांगतात, तेही अभिमानानं.

तर अशा नानांच्या घरी त्यांच्या पुतणीला, अश्विनीला, बघायला पाहुणे येणार होते. तिचे आईवडील ती तान्ही असतानाच गेले. नानांनी लग्न केलं नाही, तिलाच वाढवलं. मुलगा आखाडा बाळापूरचा, महेश, गाड्यांच्या स्पेअर पार्टचं दुकान. अश्विनीला तो मनापासून पसंत होता, हे तिनं माझ्या बायकोला सांगून ठेवलं होतं. नानांकडून तिनं वचन घेतलं, "नाना, कोणाच्या बाह्या वर करायला लावायच्या न्हाईत." नानांनी डोळ्यांत पाणी आणून वचन दिलं.

वचन त्यांनी पाळलं. बाही महेशनं आपणहून वर केली, पोहे खाण्याआधी हात धुवायला. मनगटाच्या वर छोटीशी काळी नक्षी होती. नाना उठून उभेच राहिले.

"हे कुठून आणलं पाव्हणं?"

"नांदेडला काढलं. मोबाईलवर फोटू दाखवला दुकानवाल्याला."

"काय हाय हे, ठावं हाय का?"

"डिझाईन हाय."

"ही बेंबी हाय," नाना म्हणाले. महेशच्या वडिलांना ठसका लागला.

मी नानांच्या सदऱ्याचं टोक ओढत होतो, पण नाना सुटले होते. "तिकडं सगळं अंग सोसून झालं की शेवटच्या दिवशी बेंबीभवती एवढंच काढत्यात. ते काढलं की पुरं झालं. मग माणूस घरच्यांच्या, वडिलधाऱ्यांच्या कामाला उभा राहिला असं धरत्यात. तुमी तर नुसता कळस आणला. देऊळ कुठं हाय?"

महेशचे वडील ताट सारून उठले. "आमी पोरगी बघाया आलो. पोराचं अंग तपासून घ्याया न्हाई." आतल्या दारात अश्विनी उभी होती. तिचा चेहरा बघवेना. मला नानांचा इतका राग आला की तेच लाटणं हातात असतं तर काय झालं असतं सांगता येत नाही.

महेश मात्र जागचा हलला नाही. "बाबा, बसा," तो म्हणाला. मग नानांकडं वळून अगदी अदबीनं, "नाना, मंग तुमची बराबर कशी असते ती दाखवा की. मला बी कळंल."

नानांनी सदरा आणि बनियन वर केलं. कमरेपासून पोटापर्यंत रेघांची दाटी होती, आणि मधोमध बेंबीभोवती तळहाताएवढी जागा कोरी होती.

"त्या दिशी तेवढंच राहिलं व्हतं," नाना म्हणाले. "चटईवर आडवा झालो आन् बंदरातून माणूस आला. भाऊ, वैनी दोघं बी अपघातात गेले, लेकरू एकलंच हाय, म्हणे. घंट्याभराचं काम व्हतं. गोंदणारा म्हणे, पुरं करून जा. पण विमान त्याच येळंला व्हतं. जोडीदाराचं पुरं झालं, माझं न्हाई. अर्धं सोडून जाणाऱ्याची तिकडं लाज वाटते लोकांना, घरच्यांची मान खाली जाते. मला लेक म्हणणारी माणसं ती. मंग कोणत्या तोंडानं परत जाऊ?"

समुद्र लागतो म्हणून नोकरी सोडली, असं त्यांनी गावाला सांगितलं होतं. अश्विनीलाही तेच.

महेश आपल्या हाताकडं बघत होता. "खोडून टाकू का मी हे?"

"काहून खोडता?" नाना म्हणाले. "माझं काम झालं, खूण काढायची राहून गेली. तुमी खूण घेऊन आलाव. आता काम करा."

वडील कधी खाली बसले ते कोणाच्या ध्यानात आलं नाही. अश्विनी बाहेर आली. पाहुण्यांसमोर असं येऊ नये हे तिला ठाऊक होतं, तरी आली. तिनं नानांचं बनियन खाली ओढलं आणि म्हणाली, "झाकून घ्या नाना, वारं लागंल." पण हात काही तिनं काढला नाही. बनियनवरून त्या कोऱ्या जागेवर तळहात तसाच ठेवून ती उभी राहिली, आणि नाना तिच्याकडं न बघता मला म्हणाले, "मास्तर, पोहे गार होऊन राहिले. खा की."