नावं संपेपर्यंत

"हा शेवटचा," सुनिता म्हणाली. "पुढच्या रविवारी असलाच निघाला, तर मी त्याच्या पुढच्या रविवारपासून दाभोशाला आईकडं जाईन. तिथं निदान झोपायला मिळतं."

टीव्हीवर सिनेमा संपला होता. हिरो, हिरोचा मामा आणि मामाचा ड्रायव्हर, तिघेही अडीच तास एकमेकांवर ओरडून दमले होते. काळ्या पडद्यावरून पांढरी नावं वर सरकत होती आणि वामन गावित गुडघ्यावर वही ठेवून ती उतरवून घेत होता. बायकोचं बोलणं त्याला ऐकू आलं, पण मान वर केली असती तर ध्वनिमिश्रण करणाऱ्याचं नाव निसटलं असतं.

वामन जव्हारमध्ये एका सरकारी कार्यालयात लिपिक होता. सुनिता मोखाड्याकडच्या एका निवासी शाळेत शिक्षिका होती आणि तिथल्याच खोलीवर राहायची. शनिवारी दुपारी शाळा सुटली की ती जीपने जव्हारला यायची आणि सोमवारी पहाटे परत जायची. बदलीचा अर्ज तीनदा परत आला होता. तिसऱ्यांदा आला तेव्हापासून ती हसलीच नव्हती. रडलीही नव्हती. यायची, डाळभात टाकायची, मुलांच्या वह्या तपासायची आणि भिंतीकडे तोंड करून झोपायची. संसार म्हणून दोघांच्या वाट्याला आठवड्यातला एक रविवार येत होता आणि आता तोही जाणार होता.

वामनला एवढंच आठवत होतं, की चार वर्षांपूर्वी टीव्हीवर 'पंगत पाचशेची' नावाचा सिनेमा बघताना ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली होती. त्यात एक आचारी असतो. दोनशे माणसांचा स्वयंपाक करून तो निवांत बसलेला असतो आणि पाहुणे येतच राहतात. आचारी एक शब्द बोलत नाही. तो फक्त डाळीच्या टोपात पाणी ओततो, दरवाजाकडे बघतो आणि पुन्हा पाणी ओततो. बस्स, एवढंच. तसा आणखी एक सिनेमा मिळाला तर बायको परत हसेल, असं वामनने ठरवून टाकलं होतं.

सुरुवातीला त्याने सगळे करतात तेच केलं, म्हणजे त्या आचाऱ्याचं काम करणाऱ्या नटाचे बाकीचे सिनेमे लावले. एकात तो पोलीस होता, एकात भूत, आणि दोन्हींत सारखाच वाईट होता. मग वामनला स्वतःच्या गावचा बोहाडा, देवांचे मुखवटे घालून रात्रभर नाचायचा उत्सव, आठवला. बोहाड्यात लोक मुखवट्याला नमस्कार करतात, पण मुखवटा नाचतो तो संबळ वाजवणाऱ्याच्या जिवावर. वामनचा बाप चाळीस वर्षं संबळ वाजवत आला होता आणि त्याचं नाव कोणी कधी विचारलं नव्हतं. सिनेमातही नटाला सोडून मागची माणसं शोधायला हवीत, हे वामनला पटलं. विचार बरोबरच होता. माणसाची खरी वाट लागते ती असल्या बरोबर विचारांनीच.

पण नावं मिळवायची कुठून? 'पंगत' टीव्हीवर लागला तेव्हा वीज गेल्याने सुरुवातीची नावं हुकली होती आणि शेवटची चॅनेलने कापून साबणाची जाहिरात लावली होती. तो सिनेमा एका मोबाइल ॲपवर सापडला, तर त्या ॲपची तऱ्हाच वेगळी. सिनेमा संपला की चित्र आक्रसून कोपऱ्यात जायचं आणि सात सेकंदांत दुसराच सिनेमा सुरू व्हायचा. कोपऱ्यातलं बारीक बटण त्या सात सेकंदांत दाबलं तरच नावं पूर्ण दिसत. पाचव्या प्रयत्नात वामनला ते जमलं. मग थांबव, स्क्रीनशॉट काढ, बोटांनी मोठं कर, चष्मा लाव आणि वहीत लिही, असं करत त्याने सगळी यादी उतरवली.

यादीत कथा एकाची होती, पटकथा दिग्दर्शकाची आणि संवाद तिसऱ्याचे. वामनला वाटलं, कथा ज्याची त्याचाच सिनेमा. त्या कथाकाराचे आणखी दोन सिनेमे त्याने दोन रविवार लावले. पहिल्यात चार माणसं मेली, दुसऱ्यात गाव. पुढे कुठल्याशा मुलाखतीत कळलं, की 'पंगत'ची कथा म्हणजे त्याने दिग्दर्शकाला चहा पिताना सांगितलेली दोन वाक्यं होती. आचारी, टोप, पाणी, सगळं पटकथेतलं. आणि त्या दिग्दर्शकाने नंतर सिनेमा सोडून काजूची बाग केली होती.

म्हणून आज संवादलेखकाचा सिनेमा लावून झाला. त्याचा निकाल वर आलाच आहे.

सोमवारी कार्यालयात वामनचा चेहरा बघून शेजारच्या टेबलावरचे तुळशीदास म्हणाले, "काय रं, घरात कोण आजारी हाये का?"

"नाय. संवादलेखक फसला."

तुळशीदासांनी पेन खाली ठेवलं. वामनने सगळं सांगितलं. ऐकून ते म्हणाले, "अरे येड्या, ती कशावर हसली होती?"

"आचारी पाणी ओततो त्याच्यावर."

"तिथं कोण काय बोलतं?"

"कोण नाय बोलत."

"मंग संवाद लिवणारा काय करील तिथं? तो तर तवा घरी गेलेला."

वर्षभर वही भरणाऱ्या माणसाला हे एका मिनिटात कळावं आणि तेही ज्यांना सिनेमात फक्त मारामारी आवडते त्यांच्याकडून, याचा वामनला फार राग आला.

"तिथं कायतरी वाजत असंल," तुळशीदास म्हणाले. "संगीतवाल्याला धर."

संगीतवाला मिळाला. त्याचे चौदा सिनेमे होते. ते थेट रविवारी सुनितापुढे लावायची वामनची हिंमत नव्हती, म्हणून त्याने मंगळवार-बुधवारी एकट्याने दोन बघून घेतले. पहिल्यात अकरा गाणी होती आणि दुसऱ्यात नायक आंघोळ करतानाही मागे पन्नास माणसं नाचत होती. एकाही ठिकाणी कोणी गप्प बसून पाणी ओततंय असं दिसलं नाही. वामनने त्या नावावर काट मारली.

उरला संकलक. रात्री जेवताना वामनला एकदम उमगलं, की हसू पाण्यात नव्हतंच. आचारी दरवाजाकडे बघतो, की लगेच पाहुण्यांच्या चपलांचा ढीग दिसतो, पुन्हा आचारी, पुन्हा तोच ढीग दुप्पट झालेला. कुठलं चित्र किती वेळ ठेवायचं आणि कुठे तोडायचं, ते संकलकाचं काम. संकलन: रोहिदास केणी. वामनने लगेच शोधलं. रोहिदास केणींच्या नावावर एकूण दोन सिनेमे होते. पहिला 'पंगत'. दुसरा कुठल्याही ॲपवर, कुठल्याही चॅनेलवर आणि नाशिकला राहणाऱ्या भाच्याकडेही नव्हता. त्यानंतर त्यांच्या नावापुढे काहीच नव्हतं.

शुक्रवार उजाडला. सुनिताचा फोन आला.

"मिळाला का?"

"बघतोय."

"नसंल तर तसं सांग. मी आईला कळवते."

शुक्रवारी संध्याकाळी, सगळी आशा सोडून अंगठ्याने नुसतं वरखाली करताना, वामनला एका सिनेमाच्या माहितीत दिसलं: संकलन, संदीप केणी. तो ताडकन उठून बसला. त्याच्या गावात ज्या घरात गणपतीचा मुखवटा, त्याच घरात तो पिढ्यान्‌पिढ्या राहतो. बाप थकला की मुलगा नाचतो आणि पाय अगदी तसेच पडतात. रोहिदास केणी थकले असणार. मुलाने काम हातात घेतलं असणार. एवढा सरळ हिशोब होता. सिनेमा कशाबद्दल आहे, हे वाचायचीही त्याला गरज वाटली नाही.

रविवारी दुपारी त्याने दार लावलं, पंखा वाढवला आणि सुनिताला उशी दिली.

सिनेमा एका म्हाताऱ्या मिठागर कामगाराचा होता. त्याची बायको पहिल्या वीस मिनिटांत गेली. पुढचे दोन तास तो तिच्या साड्या वाळत घालत होता, घडी करत होता आणि परत वाळत घालत होता. विसाव्या मिनिटाला वामनने सुनिताकडे चोरून बघितलं. तिचा चेहरा दगडासारखा. तासाभराने बघायची त्याला भीती वाटली. शेवटी म्हातारा साडी पांघरून दारात बसतो आणि कितीतरी वेळ कोणीच काही करत नाही. तेव्हा शेजारून आवाज आला.

सुनिता रडत होती. डोळे पुसण्याइतकं नाही, हुंदके देऊन, उशीत तोंड खुपसून. तीन परत आलेल्या अर्जांचं, सोमवारच्या पहाटेच्या जीपचं आणि त्या एका खोलीचं रडू एकदम बाहेर येत होतं. वामनचं काळीज तुटलं. हसवायला निघालो आणि हिला असं रडवलं, आता ही जन्मात परत येणार नाही, असं त्याला स्वच्छ दिसलं. पडद्यावर नावं सुरू झाली. वामनने आयुष्यात पहिल्यांदा नावं न बघता रिमोट उचलला आणि टीव्ही बंद केला.

"लाव," उशीतून आवाज आला.

"आं?"

"नावं लाव. कोणी केलाय तो बघू दे."

त्याने घाबरत टीव्ही लावला. सुनिताने नाक पुसलं, त्याच्या गुडघ्यावरची वही ओढून घेतली आणि शाळेत हजेरी घ्यावी तशी एकेक नाव बघून लिहिली.

"हा का निवडलास?"

"संकलक त्या 'पंगत'वाल्याचा मुलगा हाये."

"कशावरून?"

"आडनाव केणी."

"माझ्या वर्गात बावीस पोरं हायेत वामन. त्यांतली नऊ गावित. नऊच्या नऊ तुझी का?"

सुनिताने मागची पानं उलटून 'पंगत'ची यादी काढली आणि दोन्ही याद्या शेजारी शेजारी ठेवल्या. "तू एकेक नाव धरून पळतोस," ती म्हणाली. "आवडलेले दोन सिनेमे घ्यायचे आणि दोन्हीकडं कोण हाये ते बघायचं. तिसरीतल्या पोराला जमंल." तिचं बोट दोन्ही याद्यांवरून खाली सरकत गेलं आणि थांबलं. "हे बघ. पार्श्वसंगीत, पुष्पलता वैराळ. इकडं पण पुष्पलता वैराळ."

"पण संगीतवाला मी बघितला. चौदा—"

"तो गाण्यांचा. मागं वाजवणारं माणूस वेगळं असतं. खाली वेगळं लिवलंय, तू वाचलं नाय. आचारी दरवाजाकडं बघतो तवा सगळं वाजायचं बंद होतं, म्हणून हसू येतं. आता म्हातारा बसला तवा पण बंद झालं." तिचा आवाज परत ओला झाला. "असं मोकळं मला वर्षात वाटलं नव्हतं. आणखी बघ हिचे कुठले हायेत."

संबळ वाजवणाऱ्याच्या मुलाने मान खाली घालून पुष्पलता वैराळ हे नाव शोधलं. एकूण तेहतीस सिनेमे होते. दोन बघून झाले होते. वामनने उरलेल्या एकतीसांची माहिती वाचत खाली जायला सुरुवात केली. विधवा. दुष्काळ. हरवलेलं मूल. क्षयरोग. पुन्हा विधवा. तो अगदी तळापर्यंत गेला.

"यात हसायचा एकपण नाय गं. तेवढा 'पंगत'च."

"असू दे," सुनिता म्हणाली. तिने फोन लावला. "आये, मी येत नाय गं. हां, पुढच्या पण नाय. एकतीस रविवार नाय."

मग वही वामनच्या हातात देऊन ती चहा टाकायला उठली. वामनने पेन उघडलं आणि पुढच्या रविवारच्या तारखेसमोर क्षयरोगाचं नाव लिहिलं.