माझ्या तोंडी सासऱ्यांची वाक्यं

होणाऱ्या सासू-सासऱ्यांकडे आशीर्वाद मागायला जाताना लोक का घाबरतात, हे मला कधीच कळलं नव्हतं. मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासतो. दिवसभर लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावतो आणि न दिसणारं अक्षर कुणी ठोकून दिलं, तर नुसत्या आवाजावरून ओळखतो. असा माणूस चार वाक्यं बोलताना अडखळेल? छे!

लग्न करायचं हे तिचं-माझं कधीच ठरलं होतं. पुलाजवळच्या दोन खोल्या भाड्यानं घ्यायचंही ठरलं होतं, कारण संसार वेगळा थाटायचा, ही तिची एकुलती एक अट होती. रीतसर विचारणं तेवढं राहिलं होतं, ते मी येत्या रविवारी करणार होतो. त्याआधी तिच्या आईवडिलांचा आशीर्वाद घ्यावा, असं माझ्याच मनात आलं. वाक्यं मात्र वहिनीनं बसवून घेतली.

"परवानगी मागायची नाही हं," वहिनी म्हणाली. "हो-नाही काय ते ती ठरवेल. तू आशीर्वाद माग. दोघं एकत्र असताना आणि ती घरी नसताना जा. आधी आभार मान, मग तिच्यातलं तुला काय आवडतं ते नेमकं सांग. 'स्वभाव चांगला आहे' असलं पुचाट काही नको. तिला अजून विचारलेलं नाही, तेव्हा तिच्या कानावर जाऊ देऊ नका, हेही सांग. शेवटी आशीर्वाद माग आणि गप्प बस."

"किती वेळ?"

"ते बोलेपर्यंत. माणसं तिथेच घोळ घालतात. शांतता सोसत नाही आणि भलतंच बोलून बसतात."

सल्ला बावनकशी होता. फक्त एक गोष्ट आम्ही दोघांनीही लक्षात घेतली नव्हती. तिचे वडील नाटकांचे प्रॉम्प्टर. विंगेत बसायचं आणि नट अडखळला की पुढचं वाक्य कुजबुजायचं, यात त्यांचं सगळं आयुष्य गेलं होतं.

ती औषधांच्या दुकानात कामाला असते. तिची संध्याकाळची पाळी गाठून मी घरी पोचलो. काकू शिवणाच्या खोलीतून गळ्यात टेप घेऊनच बाहेर आल्या. काका समोरच्या खुर्चीत बसले होते.

"काका, काकू, तुम्ही तिला इतकं छान वाढवलंत, त्याबद्दल आधी आभार," मी सुरुवात केली. "गिऱ्हाईक कितीही वैतागलेलं असो, औषध कसं घ्यायचं ते ती पुन्हा पुन्हा सांगते. आणि चूक झाली की 'माझं चुकलं' म्हणून मोकळी होते. मला ते जमत नव्हतं. तिच्या संगतीत थोडं जमायला लागलंय."

काकूंचा चेहरा निवळला. मला चेव आला.

"रविवारी मी तिला लग्नाचं विचारणार आहे. तोवर तिला कळू देऊ नका. पण त्याआधी मला तुम्हा दोघांचा आशीर्वाद हवाय."

आणि ठरल्याप्रमाणे मी गप्प बसलो.

काका माझ्याकडे पाहत राहिले. त्यांच्या धंद्यात शांततेचा अर्थ एकच, गडी वाक्य विसरला. त्यांना माझी दया आली असावी. ते किंचित पुढे झुकले आणि ओठ जेमतेम हलवत कुजबुजले, "तिच्यावाचून मला जग सुनं आहे."

"तिच्यावाचून मला जग सुनं आहे," मी म्हणालो.

का म्हणालो ते विचारू नका. त्या कुजबुजीपुढे भलेभले नट निमूट झाले होते, तिथे मी तर चष्मेवाला.

पुन्हा शांतता. काका पुन्हा झुकले. "तिच्यासाठी मी घरदार सोडीन."

"तिच्यासाठी मी घरदार सोडीन."

"आजपासून हेच माझं घर, आणि तुम्हीच माझे मायबाप."

तेही मी म्हणालो, आणि वर छातीवर हात ठेवला. हात माझा स्वतःचा.

काकू ताठ बसल्या. "म्हणजे? तू इथे राहायला येणार?"

मी 'नाही नाही' म्हणणार होतो. काका माझ्यापेक्षा चपळ निघाले. "आपण नाही म्हणू नका."

"आपण नाही म्हणू नका," मी म्हणालो.

"घरजावई!" काकू उठल्याच. "अरे, मग शिवणाची खोली रिकामी करायला हवी. गिऱ्हाइकांचे कपडे कुठे ठेवू? मशीन कुठे ठेवू?"

"काकू, ऐका तर."

"ऐकते, आधी तिकडून उचल."

बघता बघता शिलाई मशीनचं एक टोक माझ्या हातात आलं. आशीर्वाद मागायला आलेला मी माझी स्वतःची खोली लावत होतो, आणि जिच्यासाठी हे सगळं चाललं होतं, तिला नेमकं हेच नको होतं. रविवारी ती 'हो' म्हणणार तरी कशाला? एवढ्यात मशीन दारात अडकलं. अलीकडे मी, पलीकडे काकू.

"काकू, मला इथे राहायचं नाहीये," मी मशीनवरून वाकून म्हणालो. "ती वाक्यं काकांची होती."

काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. "तुम्ही सुचवलंत?"

"त्याला आठवत नव्हतं," काका म्हणाले.

"आठवत होतं! मी मुद्दाम गप्प बसलो होतो."

"इतका वेळ?" काका खरोखरच गोंधळले. "रंगमंचावर इतका वेळ कुणी गप्प बसत नाही."

"तुम्ही थांबा जरा," काकू त्यांना म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "यातलं तुझं कुठलं, ते सांग."

"औषधाचं माझं. आशीर्वादाचं माझं. घरदार आणि मायबाप काकांचं. खरं सांगतो काकू, आम्हाला दोघांनाही वेगळं राहायचंय. पण तुम्ही मनातून नाराज असलात, तर ती हसत हसत हो म्हणणार नाही. आणि मला ती हसत हसत हो म्हणायला हवी आहे."

हे वहिनीनं बसवलेलं नव्हतं. काकूंनी मशीनवरून हात काढला.

"औषधाचं मला आवडलं होतं," त्या म्हणाल्या. "माझा आशीर्वाद आहे. आता यांना विचार."

काकांना विचारलं, तर ते गप्प. दुसऱ्यांची शेकडो नाटकं पाठ असलेल्या माणसाला स्वतःचं एक वाक्य सापडेना. मी मदतीला तोंड उघडलं, तर काकूंनी माझ्यावर टेप उगारला.

"ती सकाळी उठली की," काका शेवटी म्हणाले, "अर्धा तास तिच्याशी बोलू नकोस. मीही बोलत नाही." आणि डोळे पुसायला लागले.

"हा आशीर्वाद समजायचा का?" मी काकूंना हळूच विचारलं.

"त्यांना याच्यापुढे सुचायचं नाही. हाच घे."

मी घेतला. आणि तेवढ्यात कुलपात किल्ली फिरली. ती! पाळी लवकर संपली होती. तिनं दारात अडकलेलं मशीन पाहिलं, घामाघूम झालेल्या मला पाहिलं, डोळे पुसणारे वडील पाहिले.

"काय चाललंय?"

कुणी बोलेना. तिला कळू द्यायचं नाही, असं मीच सगळ्यांना बजावलं होतं. काकूंनी टेपची गुंडाळी सुरू केली. मी काहीतरी थाप शोधत होतो, पण शांतता फारच लांबली आणि काकांना ती सोसवेना. डाव्या बाजूनं कुजबुज आली.

"माझ्याशी लग्न करशील?"

"माझ्याशी लग्न करशील?" मी म्हणालो. तेही काकांच्या तोंडाकडे बघत, पुढचं वाक्य येईल म्हणून.

ती आधी माझ्याकडे बघत राहिली, मग वडिलांकडे. मग मशीनला टेकून इतकी हसली की मशीन आपोआप दारातून सुटलं.

"हो," ती म्हणाली.

मी हवेत उडायच्या बेतात होतो.

"तुला नाही. हे बाबांना," ती म्हणाली. "ओठ त्यांचेच हलले होते. तुझं तू रविवारी विचार, मग बघू."

तर मंडळी, आजची परिस्थिती अशी आहे. माझ्या लग्नाचं सासऱ्यांनी विचारलं, होकारही त्यांनाच मिळाला. मी मात्र अजून उमेदवारच आहे.