धुऱ्यावरचं एक बोंड

मराठी गाण्याचा सन्मान करायचा आणि त्याचा अर्ज इंग्रजीत मागायचा, ही अक्कल ज्या कोण्या साहेबाच्या डोक्यातून निघाली, त्यानं आयुष्यात एक तरी भावगीत धड ऐकलं होतं का? नागपूरहून आलेल्या पत्रात स्पष्ट लिहिलं होतं. गीतातलं एक प्रेमाचं कडवं इंग्रजीत द्यावं, त्यातली आर्तता आणि प्रतिमा जशाच्या तशा ठेवाव्यात, संध्याकाळी पाचच्या आत पाठवावं. जणू आर्तता म्हणजे रेशनचे गहू, या पोत्यातून काढा अन् त्या पोत्यात भरा.

पत्र आलं नेरच्या मारोतरावांच्या घरी. एसटीच्या चौकशी खिडकीत तीस वर्षं बसून ते निवृत्त झाले होते, पण गावात त्यांची ओळख कवी म्हणूनच. तीही एकाच गाण्यावर. चाळीस वर्षं गणपतीत, लग्नात, सेवानिवृत्तीच्या जेवणावळीत ते हे गाणं गात आले होते. आता ते नागपुरात पुस्तकात छापून येणार होतं, खाली कवीचं नाव आणि शेजारी फोटो. चौकात अभिनंदनाचा फलक आधीच लागला होता. अनुवाद गेला नाही, तर तो फलक मारोतरावांना स्वतः उतरवावा लागला असता.

त्यांनी आधी मोबाइललाच कामाला लावलं. मग जे आलं ते दाखवायला शेजारच्या नुजहत मॅडमना बोलावलं. नुजहत शाळेत इंग्रजी शिकवायची आणि मराठी कविता तिला पाठ असायच्या. तिनं मूळ कडवं वाचलं:

*सीतादहिचा नेम संपला, बाया गेल्या घरी,*
*एक बोंड मी राखुन आले धुऱ्याच्या कडेवरी;*
*दंव झेलते, ऊन सोसते, हात कुणी ना लावी,*
*वाट तुझी ते पाहत राही, मी न कुणाला दावी.*

मग मोबाइलचं वाचलं. "सीताज कर्ड इज फिनिश्ड. द लेडीज वेंट होम."

"काकाजी, हे तं दूध डेअरी बंद झाल्याचं पत्र झालं."

"मंग तू कर न बाई! शेवटी 'आय मिस यू व्हेरी मच' टाकून दे, झाली आर्तता."

"तेच तं नाही टाकायचं. पूर्ण कडव्यात बाई एकदा तरी म्हणते का, तुही आठवण येते म्हणून? ते बोंड म्हणते. आपण सांगून टाकलं, तं बोंडाले काम काय राह्यलं?"

मारोतरावांनी मान डोलावली. कवीला आपलं गाणं समजतं, असा समज असल्यामुळे डोलावणं भागच होतं.

नुजहतनं कागद ओढला. सीतादही म्हणजे कापसाच्या पहिल्या वेचणीच्या दिवशी बाया शेतात पाच दगड मांडून दहीभात वाहतात, ते. तो शब्द तसाच ठेवला, तर परका वाचणारा पहिल्याच ओळीला ठेचकाळणार. टीप दिली, तर गाण्याचं पाठ्यपुस्तक होणार. म्हणून तिनं अर्थ ओळीतच मुरवला: 'द फर्स्ट-पिकिंग प्रेयर इज ओव्हर, द विमेन हॅव ऑल गॉन होम.' यमक पूर्ण जुळवायला गेलं की प्रतिमा वाकते, म्हणून शेवटी नुसता 'ओ'चा नाद धरायचा ठरवलं. धुरा म्हणजे शेताचा बांध, ते सोपं होतं; पण दुसऱ्या ओळीतल्या 'राखुन'वर पेन थांबलं.

"काकाजी, 'राखुन' कसं? 'लेफ्ट' म्हटलं तं बाई विसरून आली असं वाटते. 'सेव्ह्ड' म्हटलं तं बँकेत टाकल्यासारखं. 'केप्ट' बसते. पण ठेवलं कायले? सगळा कापूस वेचला, मंग एकच बोंड काहून?"

चौकशी खिडकीत बसून मारोतराव एक गोष्ट पक्की शिकले होते. गाडी माहीत नसली, तरी वेळ ठणकावून सांगायची.

"देवीले! देवीसाठी ठेवलं ते."

"अच्छा. म्हणजे 'तुझी वाट' म्हणजे देवीची?"

"हाव. दुसऱ्या कोनाची राहीन?"

नुजहतनं इमानानं पुढच्या ओळी तशा वळवल्या. दव आणि ऊन ही तपश्चर्या झाली, 'यू'चा देवाला साजेसा जुना 'दाऊ' झाला. पण चौथी ओळ ऐकेना.

"देवीची वाट पाहत असन, तं लोकांपासून लपवते काहून? देवीची वाट तं चारचौघांत पाहतात न!"

"लाजाळू राहीन बाई."

"आणि बोंड किती दिवस राहते?"

"राहते की वर्सभर. देवीचं हाय ते."

स्वयंपाकघराच्या दारात तुरीच्या शेंगा सोलत बसलेल्या मारोतरावांच्या बायकोच्या, विमलताईंच्या, हातातली शेंग तिथंच तुटली.

"वर्सभर? दव पडून पडून आठ-पंधरा दिसात पिवळं पडते अन् गळते! म्हनून तं जीव टांगनीले लागते. गळायच्या आत यायले पाह्यजे त्यानं."

"कोनं?" नुजहत वळली.

"घरचं जे मानूस बाहेर हाय, त्यानं. आमच्या माहेरी दारव्ह्याकडं अशीच रीत होती. वेचनी झाली की दूर गेलेल्याच्या नावाचं एक बोंड ठेवाचं. आल्यावर त्यानंच तोडाचं. देवीचा काय संबंध? देवी का एसटीनं येते?"

नुजहतनं हळूच विचारलं, "काकू, मंग 'न दावी'मधलं लपवणं?"

"रीत घरच्या मानसासाठी, पोरी. तो घरचा नोता. म्हनून कडंवर ठेवलं, कोनाले दिसू नये असं. कोनी विचारलं, तं म्हनाचं, ऱ्हायलं असन चुकून."

नुजहतनं 'दाऊ' खोडला. तपश्चर्या खोडली. बराच वेळ ती नुसती ओठांशी पुटपुटत राहिली, मग लिहिलं आणि वाचलं:

"इट टेक्स द ड्यू, इट टेक्स द सन, नो हँड हॅज टच्ड इट येट, इट वेट्स फॉर यू. आय डोन्ट."

"हे काय झालं?" मारोतराव उसळले. "शेवटची ओळ अर्धीच!"

"अर्धीच पाह्यजे. पुढं ती गप्प बसते. काकू, मी असं केलं, ते बोंड तुही वाट पाहून राह्यलं, मी नाही."

विमलताईंनी विचार केला. "खोटं बोलते न ती?"

"साफ खोटं."

"मंग बरोबर हाय."

नुजहतनं अर्जाचा शेवटचा रकाना काढला, कवीचं नाव. पेन कागदावर टेकवलं आणि मारोतरावांकडे पाहिलंच नाही.

मारोतराव घाम पुसत म्हणाले, "लग्नानंतर तुह्या पेटीतल्या वहीत भेटलं होतं वं मले. वाटलं, बायांचं जुनं गानं असन, कोनाचंच नसन. चाल लावली, एकदा गायलो, लोक 'वा कवी' म्हणाले... मंग गाडी सुटली ते सुटलीच. तू काहून नाही बोललीस?"

"बोलली असती, तं पुढचं विचारलं असतं तुमी."

"काय पुढचं?"

विमलताईंनी शेंगांचं सुपडं बाजूला सरकवलं. "लिही पोरी. विमल. आडनाव माहेरचं टाक, तवा तेच होतं."

नुजहतनं लिहिलं. पाचला बारा मिनिटं असताना अर्ज मोबाइलवरून गेला. चौकातला फलक, छापायला दिलेला फोटो, तीस वर्षांची चौकशी खिडकी, सगळं मारोतरावांच्या डोक्यातून वाहून गेलं होतं. ते उठले, खुर्ची ओढत थेट बायकोच्या पुढ्यात नेली आणि बसले.

"नाव तुहं, गानं तुहं, कबूल. पण चाळीस वर्सं गावोगाव, डोळे मिटून गात, मी कोनाची वाट पाहून राह्यलो, विमल? कोन होता तो? तोडलं का त्यानं ते बोंड? सांग!"