दोरीवरची मोकळी जागा

मल्लूअण्णा कुणाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला निघाले की त्यांच्या हातात हार नसतो. कपडे वाळत घालायची दोरी असते, आणि खिशात मूठभर चिमटे. आमच्या राजारामपुरीतल्या बिल्डिंगीत नव्यानं राहायला आलेल्या माणसाला वाटतं, या गृहस्थाला भरल्या कार्यक्रमात लेंगा वाळत घालायचाय.

अण्णांचं गॅसच्या शेगड्या दुरुस्तीचं दुकान आहे. माणूस एकटा, आवाज चौघांचा. गल्लीत कुणाची पन्नाशी जवळ आली की महिनाभर आधी ते त्या घरात हजर होतात आणि यजमानाच्या आधी स्वतःच खुर्ची ओढून बसतात. मग वाढदिवस घरच्यांचा राहत नाही.

त्यांची रीत ठरलेली. पार्किंगमध्ये या खांबापासून त्या खांबापर्यंत दोरी बांधायची. तिचे पाच भाग करायचे. दर दहा वर्षांना एक भाग, त्यात त्या काळातले फोटो, आणि त्या काळातला एक माणूस. त्यानं उठून एकच गोष्ट सांगायची, तीही स्वतः पाहिलेली. "लई चांगला माणूस हाय, ह्ये चालणार न्हाय," अण्णा आधीच दम भरतात. "चांगला हाय तर केलं काय, त्ये सांगा की!"

आणि वयाची थट्टा वर्ज्य. फ्लेक्सवर 'हाफ सेंच्युरी' नको, काळे फुगे नकोत, 'आता उतार लागला' नको. "वय काय, भिंतीवरचं कॅलेंडरबी सांगतंय. तुमी जगल्यालं सांगा," हे त्यांचं पालुपद. शिंदे सरांच्या पन्नाशीला त्यांच्या साडूंनी हौसेनं रंगीत कागदात गुंडाळून काठी आणली होती. अण्णांनी ती सगळ्यांसमोर उघडली, "बरं झालं पावणं, दोरी मधी लोंबत हुती" म्हणाले आणि काठीचा टेकू लावून दोरी वर उचलली. साडूंनी रंगीत कागद घडी करून खिशात घातला. नंतर सरांचे शाळूसोबती उठले आणि सर लहानपणी गुऱ्हाळावर पैजेनं काकवी पिऊन पोट धरून कसे लोळले होते ते त्यांनी सांगितलं. सर इतके हसले की डोळे पुसावे लागले. वय पन्नास झालं याची त्यांना आठवणही राहिली नसावी.

कार्यक्रम संपला की अण्णा स्वतःच दोरी गुंडाळत. खुर्च्या उचलणारी माणसं आपापल्या घरी जात, आणि अण्णा दोरीचं वेटोळं खांद्यावर टाकून आपल्या एका खोलीत. जेवायला थांबा म्हटलं तर "डबा हाय" म्हणत. डबा नसायचा, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

यंदा त्यांचीच पन्नाशी आली. मी विषय काढला तर म्हणाले, "त्या दिवशी मी राधानगरीला जाणार हाय."

"कुणाकडं?"

"धरण बघायला."

माझ्या आईनं आतूनच निकाल दिला, "मल्लू, धरण कुठं पळून जात न्हाय. पाचला खाली यायचं." आईपुढं अण्णांचं काही चालत नाही.

तयारी माझ्याकडं आली, आणि हे काम किती अवघड आहे ते तेव्हा कळलं. पहिल्या दहा वर्षांसाठी गडहिंग्लजहून त्यांच्या थोरल्या बहिणीला, गौरक्कांना बोलावलं. दुसऱ्या भागासाठी आयटीआयमधले खोत सापडले. शेवटच्या दोन भागांसाठी तर गल्लीत भांडणं लागली, कारण अण्णा इथं आल्यापासून प्रत्येकाच्या घरी काही ना काही घडलेलं. पण मधला भाग, विशी ते तिशी, रिकामा. फोटो नाही, माणूस नाही. गौरक्कांना फोनवर विचारलं तर त्या एवढंच म्हणाल्या, "तवा त्यो बावड्यात हुता. आईजवळ. माझं लगीन झाल्यालं, मला येता आलं न्हाय."

मी शहाणपणा केला. दोरीवरचे चिमटे थोडे थोडे सरकवले, पाचाचे चार भाग केले. उगाच चारचौघांत माणसाचा उणेपणा कशाला दिसू द्यायचा!

संध्याकाळी पार्किंगमधले उभे पंखे बंद करून ताटात कणकेचे पन्नास दिवे लावले. पंखा चालू ठेवला तर तुपाची वात टिकत नाही. गौरक्कांनी कुंकू लावलं, अंगठी आणि सुपारी ओवाळली, मग ताट. उजेडात अण्णांचा चेहरा परक्या घरी जेवायला बसलेल्या पोरासारखा दिसत होता. अक्षता डोक्यावर पडल्यावर ते उठले ते सरळ दोरीकडं गेले.

"ह्ये कुणी केलं?"

अण्णांनी एकेक चिमटा काढला आणि फोटो परत मूळ जागी सरकवले. मध्ये हातभर दोरी उघडी पडली.

"जागा ठिवा," ते म्हणाले. "त्येबी जगलोय की."

मग कार्यक्रम सुरू झाला. गौरक्कांनी सांगितलं, मल्लू लहानपणी शेजाऱ्यांच्या म्हशीला आपली भाकरी चारायचा आणि स्वतः उपाशी झोपायचा. खोतांनी आयटीआयच्या घंटेची गोष्ट सांगितली. सुट्टी लवकर व्हावी म्हणून अण्णांनी ती दुरुस्तीच्या निमित्तानं खोलली, आणि तिचे भाग पुन्हा काही केल्या जुळेनात. हशा पिकला. मग मधल्या जागेची पाळी आली, आणि कुणीच उठेना.

अण्णाच उठले. त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच इतका खाली आलेला ऐकला.

"हितं माणूस न्हाय. आई हुती, ती गेली. अर्धांगानं अंथरुणावर पडली, तवा मी कारखान्यातलं काम सोडलं. घरातच शेगड्या दुरुस्त करायचो. कुणी येत न्हवतं, आमीबी कुठं गेलो न्हाय. मग तिला न्हाऊ घालायचो, भरवायचो." त्यांनी रिकाम्या दोरीवरून हात फिरवला. "तिचे केस लई लांब हुते. कापू म्हणलं तर रडली. मग वेणी घालायला शिकलो. पयल्यांदा वाकडी व्हायची. आरशात बघून ती हसायची. तोंडाची एकच बाजू हसायची तिची. मला चांगली वेणी येती, ह्ये तिच्याबिगर कुणी बघितलं न्हाय."

गौरक्कांनी तोंडाला पदर लावला. मला माझ्या चिमट्यांची लाज वाटली.

खुर्च्यांच्या पहिल्या रांगेत माझी आई बसली होती. तिनं दोन्ही हात मागं नेऊन अंबाड्याचे आकडे काढले. पांढरे केस पाठीवर सुटले.

"ये मल्लू," ती म्हणाली. "घाल."

"आई, हितं? सगळ्यांत?" अण्णा म्हणाले.

"मग काय राधानगरीला जाऊन घालतोस?"

कुणीतरी हसलं, पण लगेच थांबलं. अण्णा आईच्या खुर्चीमागं जाऊन उभे राहिले. शेगडीच्या काजळीनं बोटांच्या कडा काळ्याच झालेल्या. ती बोटं त्यांनी आधी शर्टाला पुसली, मग केसांचे तीन पेड केले. अजिबात न ओढता, न चुकता, बोटं आपली आपण चालत होती. ती इतक्या वर्षांत काही विसरली नव्हती. आईनं डोळे मिटून घेतले होते.

वेणी पार खाली आली. अण्णांनी शेवटचं टोक दोन बोटांत धरलं आणि वर पाहिलं.

"रबर द्या की कुणीतरी. सोडलं तर सुटंल ही."

माझ्या बायकोच्या मनगटावर रबर होता. रबर बांधला की ते टोक अण्णांच्या हातातून जाणार, म्हणून ती लगेच उठली नाही, मीही तिला उठवलं नाही. अण्णा ते टोक धरून तसेच उभे राहिले, आणि आम्ही त्यांना पोटभर उभं राहू दिलं.