बापूमास्तरांचा उजवा रकाना

बरोबर उत्तर दिलं की बापूमास्तरांचा चेहरा पडायचा. चुकीचं दिलं की माणूस खुलायचा. “शाबास! चुकलात!” म्हणून पाठ थोपटायचा.

आम्ही दोघं देवासच्या एकाच शाळेत गणित शिकवायचो. धारला एका लग्नाला गेलो आणि सर्व्हिस मोटारीनं परत निघालो. मोटार दर चढावर पाणी प्यायची, त्यामुळे दिवस मोडणार हे ठरलेलंच. मास्तरांजवळ फक्त एक वही होती. उद्या चौथीला अपूर्णांक शिकवायचे होते आणि पाठ बघायला डिप्टीसाहेब येणार होते. मागच्या खेपेला पोरांनी पाठ केलेली उत्तरं घडाघडा म्हटली, साहेबांनी प्रश्न जरा फिरवला तशी सगळी मुकी झाली. पुन्हा तसं झालं तर मास्तरांचा वर्ग काढून त्यांना दप्तरात कारकून म्हणून बसवणार होते.

मास्तरांनी पानावर उभी रेघ मारली. डावीकडे आपले प्रश्न, उजवीकडे पोरं काय चुकतील ते. “चूक आधी ठाऊक हवी. मगच पुढचा प्रश्न सुचतो,” ते म्हणाले आणि मला विचारलं, “तिहाई मोठी की चौथाई?”

“तिहाई.”

“तुमचा काही उपयोग नाही.”

पोरं चौथाई म्हणणार, कारण तिनापेक्षा चार मोठे, हे त्यांनी स्वतःच लिहिलं. त्यावर उपाय म्हणून वहीच्या पानाच्या दोन सारख्या पट्ट्या फाडल्या. एकीला घड्या घालून तीन भाग केले. दुसरी शेजारच्या कापडवाल्या शेटजींना दिली आणि म्हणाले, “हिचे चार करा.”

शेटजींनी टराटरा फाडले आणि त्यातला सर्वांत लांब तुकडा नाचवला. “लो भिया! या म्हारी चौथाई, तमारी तिहाई से बडी!”

मास्तर सीटवरून उठलेच. “शाबास! चुकलात!”

भाग सारखे हवेत, हे सांगायचंच राहून गेलं होतं. मास्तरांनी सगळ्यात वर नवा प्रश्न घातला : चार तुकडे झाले म्हणजे चौथाई झाली का? मग घडी घालणं, मग दोन पट्ट्या एकीखाली एक ठेवून ताडून बघणं, आणि अगदी शेवटी फळ्यावर आकडे.

दुसऱ्या दिवशी साहेबांसमोर एका पोरानं हुबेहूब शेटजींसारखी पट्टी फाडली. मास्तर तयारच होते. घंटा होईपर्यंत पोरं आपसात भांडून एकमेकांना समजावत होती. साहेब शेरा लिहून गेले, आणि वर्ग मास्तरांकडेच राहिला.

संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर बसलो होतो. मी अभिनंदन केलं तर ते भलतंच बोलले.

“पूर्वी उजवा रकाना घरीच भरायचा. पोळ्या लाटता लाटता ही चुकायची, मी लिहून घ्यायचो. मला वाटे, बिचारीला गणित येत नाही. ती गेल्यावर ध्यानात आलं, किराण्याचा हिशेब ती तोंडी करायची. कधी चुकली नाही.”

मास्तरांनी वही उघडली. “उद्या बेरीज. एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश?”

मी मान खाली घालून म्हणालो, “दोन पंचमांश.”

मास्तरांनी ते उजवीकडे नीट लिहून घेतलं.

“फार लवकर चुकलात,” ते हळूच म्हणाले. “ती आधी थोडा विचार करायची.”